हाड टोकाशी वाढते

उंची वाढावी म्हणून मुलांना मैदानातल्या बारला लोंबकळायला लावणारे पालक आपल्याकडे कमी नाहीत. त्यामागची समजूत सरळ आहे: हाड ताणले की लांब होणार. लोंबकळल्याने खांदे मोकळे होतात, मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब थोडा वेळ कमी होतो, एवढे खरे. मांडीच्या हाडाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. या हाडाचा मधला दांडा कॅल्शियमने भरलेला आणि टणक असतो. त्यातल्या पेशी कठीण भिंतींत कोंडलेल्या असतात. त्या विभागून दोन होत नाहीत, आणि झाल्या असत्या तरी नव्या पेशीला जागा करून देणे त्यांच्या हाती नसते. हाड जाड होऊ शकते, कारण बाहेरच्या आवरणाखाली नवा थर बसवता येतो. मधूनच लांब होणे त्याला शक्य नाही.

मग दीड-पावणेदोन फुटांचे मूल पाच-साडेपाच फुटांचे होते ते कुठून? या प्रश्नाला प्रयोगाने भिडणाऱ्या पहिल्या काही लोकांत इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे धर्मोपदेशक होते. वनस्पतींवरच्या त्यांच्या १७२७ सालच्या ग्रंथात कोंबडीच्या पिलाचा एक प्रयोग आहे. अर्धवट वाढलेल्या पिलाच्या पायाच्या हाडाला त्यांनी मधोमध, अर्ध्या इंचाच्या अंतरावर, दोन बारीक भोके पाडली. दोन महिन्यांनी हाड काढून पाहिले तेव्हा ते इंचभर वाढले होते, पण भोकांमधले अंतर अर्धा इंचच राहिले होते. पुढे लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी डुकराच्या पिलाच्या नडगीच्या हाडात शिशाचे छरे बसवून हेच पडताळले. छरे जागच्या जागी, वाढ त्यांच्या पलीकडे. मुलांच्या हाडाची वाढ पुढे चालू आहे की नाही हे पाहायला आजही शल्यविशारद वाढीच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे धातूच्या दोन खुणा ठेवतात आणि दर काही महिन्यांनी एक्स-रेवर त्यांच्यातले अंतर मोजतात. युक्ती तीच, फक्त खुणांची जागा बदलली.

ती वाढीची जागा हा या पुस्तकाचा विषय आहे. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. आपण वाढपट्टी म्हणू. ती हाडाची नसते, कूर्चेची असते. म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्याला जो लवचीक, रक्तवाहिन्या नसलेला पदार्थ असतो त्याच जातीची. गर्भात हातापायांची लांब हाडे आधी अखंड कूर्चेच्या छोट्या प्रतिकृतींसारखीच तयार होतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास दांड्याच्या मध्यावर हाड बनू लागते आणि दोन्ही टोकांकडे सरकत जाते. नंतर टोकांतही स्वतंत्र केंद्रे उमटतात. गुडघ्याजवळचे, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातले केंद्र पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा जन्माआधीच दिसते. मधले हाड आणि टोकाचे हाड यांच्यात कूर्चेची जी पातळ चकती उरते ती वाढपट्टी. मुलाच्या एक्स-रेवर हाडाच्या टोकाशी एक काळी, किंचित नागमोडी रेघ दिसते आणि नवखा माणूस तिला फ्रॅक्चर समजतो. कूर्चेत कॅल्शियम नसल्याने किरण तिच्यातून अडथळ्याविना जातात. काळेपणा त्याचा असतो.

सगळ्या पट्ट्या सारख्या कामाच्या नसतात. मांडीच्या हाडाच्या एकूण वाढीतला सुमारे ७० टक्के वाटा गुडघ्याकडच्या पट्टीचा असतो, कमरेकडच्या पट्टीचा उरलेला. नडगीच्या हाडातही गुडघ्याकडची पट्टीच मोठा वाटा उचलते. म्हणून पायाची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या आसपास होते. हातात उलट आहे: दंडाचे हाड खांद्याशी वाढते, मनगटाकडची हाडे मनगटाशी, आणि कोपर बहुतेक गप्प असते. मुलाला कुठे मार लागला हे ऐकताच हाडांचा डॉक्टर गुडघ्याच्या नावाने सावध होतो आणि कोपराच्या नावाने वेगळ्या कारणांसाठी होतो, ते यामुळे. या प्रस्तावनेत मी मांडीच्या हाडाची गुडघ्याकडची पट्टी हेच उदाहरण धरून चालणार आहे. शरीरातली ही सर्वात वेगाने वाढणारी पट्टी. मोठ्या मुलांत ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर लांबी घालते.

या पट्टीचा उभा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पहिल्या नजरेत लक्षात येते ती शिस्त. सांध्याच्या बाजूला, टोकाच्या हाडाला लागून, थोड्या विखुरलेल्या, गोलसर, निवांत पेशी असतात. हा राखीव थर. त्यांच्यात विभाजन फार क्वचित होते. फार काळ या थराला नुसता साठा समजले गेले, पण २०१८ च्या सुमारास उंदरांवर झालेल्या कामात दिसले की यातल्या काही पेशी खऱ्या अर्थाने मूळपेशी आहेत: स्वतःची संख्या राखतात आणि त्यांच्यातल्या एकेकीपासून खालची एक अख्खी रांग निघू शकते. राखीव थर नष्ट झाला की त्या जागची वाढ कायमची गेली. हे एक वाक्य पुढे अपघाताच्या वेळी आठवावे लागेल.

दांड्याच्या दिशेने थोडे सरकले की पेशी चपट्या होतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगा धरतात. हा विभाजनाचा थर. इथे पेशी आडव्या बाजूला विभागतात, मग दोन्ही नव्या पेशी सरकून पुन्हा एकीखाली एक येतात. रांगेची दिशा हीच हाडाच्या लांबीची दिशा. पेशी दुसऱ्या कोणत्याही दिशेने पसरल्या तर हाड रुंद होईल, लांब नाही. त्यामुळे ही रांग राखण्याला फार महत्त्व आहे. पट्टीच्या कडेला एक कूर्चा-पेशींचा खाचेसारखा पट्टा असतो, त्याला रान्व्हिएची खाच म्हणतात. पट्टीची रुंदी वाढवण्याचे वेगळे काम तो पाहतो.

त्यानंतर खरी गंमत. विभागणे थांबवून पेशी फुगू लागतात. चपटी पेशी गोल होते, मग उंच. तिचे आकारमान दहापटीहून जास्त होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या पाहून बहुतेकांची समजूत होते की वाढ म्हणजे पेशींची संख्या वाढणे, आणि फुगणे ही मरणाआधीची सूज. प्रत्यक्षात लांबीतला सर्वात मोठा वाटा या फुगण्याचाच असतो. विभाजन माल पुरवते. उंची फुगण्यातून येते. २०१३ मध्ये किंबर्ली कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आणि जर्बोआ नावाच्या, लांबलचक मागचे पाय असणाऱ्या वाळवंटी कृंतकाच्या पट्ट्या तपासून दाखवले की हे फुगणे तीन टप्प्यांत होते. पहिल्यात पेशी सुका माल आणि पाणी दोन्ही वाढवते, दुसऱ्यात प्रामुख्याने पाणी ओढून घेते, तिसऱ्यात पुन्हा सुका माल जमवत मोठी होते. वेगाने वाढणारी आणि सावकाश वाढणारी पट्टी यांच्यातला फरक मुख्यतः तिसऱ्या टप्प्यात पडतो. या टप्प्याला इन्सुलिनसारखे काम करणारा आयजीएफ-१ नावाचा वाढघटक लागतो. पीयूषिका ग्रंथीतून येणारे वाढ-संप्रेरक आपले बरेच काम याच घटकामार्फत करते.

थोडे गणित करून पाहू. वर्षाला एक सेंटिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे २७ मायक्रॉन. पूर्ण फुगलेल्या पेशीची उंचीही साधारण त्याच मापाची असते. म्हणजे या पट्टीतली प्रत्येक रांग दिवसाला जवळपास एक पेशी खाली, दांड्याकडे, देते आणि वरून तेवढीच भर घालते. सगळी उंची या एका पेशीच्या हिशेबाने येते. पट्टीची जाडी मात्र त्या काळात बदलत नाही, कारण वरून होणारी भर आणि खालून होणारी वजावट सारखी चाललेली असते. हा समतोल लक्षात घेतला तर पुढचे बहुतेक आजार समजायला सोपे जातात: पट्टी जाड दिसली तर वजावट अडली असेल, पातळ दिसली तर भर कमी झाली असेल.

वजावट कशी होते? फुगलेल्या पेशी आपल्या भोवतीच्या पदार्थाची जडणघडण बदलतात. त्या दहाव्या प्रकारचे कोलॅजन बनवतात, रक्तवाहिन्यांना बोलावणारा एक घटक सोडतात, आणि सूक्ष्म पिशव्यांमधून कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक बाहेर टाकतात. त्यामुळे रांगांमधल्या उभ्या भिंतींवर कॅल्शियम बसते. दोन पेशींमधल्या आडव्या भिंती मऊच राहतात. खालून केशवाहिन्या येतात, मऊ आडव्या भिंती फोडून रांगेत शिरतात, त्यांच्याबरोबर कूर्चा खाणाऱ्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी येतात. उभ्या भिंतींतल्याही दोनतृतीयांश नाहीशा होतात. उरलेल्या एक तृतीयांशाचा सांगाड्यासारखा उपयोग करून त्यांच्यावर नवे हाड लिंपले जाते. सुरुवातीचे हे हाड कच्चे असते, गाभ्यात अजून कूर्चेचे अवशेष असतात. पुढे तेही काढून पक्के हाड बसते. फुगलेल्या पेशी मरतात असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळेल. ते अर्धे खरे आहे. २०१४ मध्ये उंदरांतल्या खुणा लावलेल्या पेशींचा माग काढणाऱ्या अभ्यासांत दिसले की त्यांपैकी काही वेश बदलून स्वतःच हाड बनवणाऱ्या पेशी होतात.

एवढ्या नेमक्या ठिकाणी विभाजन थांबून फुगणे सुरू होते, म्हणजे कुणीतरी मोजमाप ठेवत असणार. ते ठेवतात दोन रासायनिक संदेश. फुगायला निघालेल्या पेशी इंडियन हेजहॉग नावाचे प्रथिन सोडतात. ते वर राखीव थरापर्यंत पोचते, आणि तिथल्या पेशी पीटीएचआरपी नावाचे दुसरे प्रथिन सोडतात. हे खाली झिरपते आणि ज्या पेशींना मिळते त्यांना विभागत ठेवते. जिथे त्याची मात्रा संपते तिथे फुगणे सुरू. फुगणाऱ्या पेशी वाढल्या की संदेश वाढतो, मग फुगायला निघालेल्यांची गर्दी आपोआप कमी होते. १९९६ मध्ये ही साखळी उलगडली. पट्टीला याशिवाय एक ब्रेकही आहे: एफजीएफआर-३ हा ग्राहक. अकोंड्रोप्लेजिया या आजारात हा ब्रेक कायम दाबलेला राहतो. जवळपास सर्व रुग्णांत या प्रथिनातील ३८० व्या जागेवर ग्लायसीनऐवजी आर्जिनिन असते. हे १९९४ मध्ये सापडले. बहुतेकदा आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात आणि बदल नव्याने घडलेला असतो. पट्टीतल्या रांगा आखूड पडतात, हातपाय छोटे राहतात, धड मात्र जवळपास सामान्य असते. या ब्रेकचा परिणाम पेशीच्या आतल्या दुसऱ्या वाटेने कमी करणारे व्होसोरिटाइड हे रोजचे इंजेक्शन २०२१ मध्ये मंजूर झाले. चाचणीत त्याने वर्षाला सरासरी दीड सेंटिमीटरच्या आसपास जादा वाढ दिली. ते पट्टी उघडी असेपर्यंतच उपयोगी आहे, म्हणजे ते मुलांचे औषध आहे.

आता मुडदुसाकडे. हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता, आणि आजार आजही गेलेला नाही. ऊन भरपूर असलेल्या प्रदेशातही बाळे घरात राहतात, कपड्यांत राहतात, आणि आहारात कॅल्शियम कमी असते. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की परिणामी रक्तातले फॉस्फेट घसरते, आणि फुगलेल्या पेशींना पुढे जाण्याचा इशारा याच फॉस्फेटकडून मिळतो. इशारा न मिळाल्याने त्या मरत नाहीत, वजावट थांबते, वरून भर चालूच राहते. पट्टी जाड होते, कडा फाटक्या ब्रशसारख्या दिसतात, हाडाचे टोक कपासारखे खोल होते. म्हणून मनगटे रुंद दिसतात, बरगड्यांच्या टोकांना गाठी येतात, आणि चालायला लागलेल्या मुलाचे पाय वाकतात. तपासताना मनगट आणि गुडघा या दोनच जागांचा एक्स-रे का काढतात, हे आता वाचकाला सांगायला नको: पट्टी जितकी वेगवान तितका बिघाड ठळक. उपचार लागू पडला की महिन्याभरात पट्टीच्या दांड्याकडच्या कडेवर पांढरी ठळक रेघ उमटते. ही कॅल्शियम बसू लागल्याची पहिली खूण. रेघ उमटली नाही तर औषध पोचत नाही, मात्रा कमी आहे, किंवा आजार वेगळ्या जातीचा आहे. मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाणारा मुडदूस ड जीवनसत्त्वाने बरा होत नाही.

वाढ थांबते कशी, याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. मुलींची उंची मुलांपेक्षा आधी थांबते हे सर्वांना माहीत आहे. मासिक पाळी सुरू झाल्यानंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ उरलेली असते. पण मुलग्यांत पट्टी बंद करणारे संप्रेरक पुरुषाचे असणार असे फार काळ गृहीत होते. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हते. पुरुष-संप्रेरक व्यवस्थित, आवाज, दाढी सगळे व्यवस्थित. उंची २०४ सेंटिमीटर, आणि तरीही वाढपट्ट्या उघड्या, हाडांचे वय १५ वर्षांच्या मुलाइतके. म्हणजे मुलग्याचीही पट्टी इस्ट्रोजेनच बंद करते, जे त्याच्या शरीरात पुरुष-संप्रेरकापासून तयार होते. वयात येताना उंचीची झेप आणि वाढीचा शेवट ही एकाच पदार्थाची दोन कामे आहेत. इस्ट्रोजेन राखीव थरातल्या पेशींचा साठा लवकर संपवते, रांगा छोट्या होतात, आणि शेवटी हाड पट्टी ओलांडून जोडले जाते. लवकर वयात येणारी मुले वर्गात आधी उंच दिसतात आणि शेवटी तुलनेने बुटकी राहू शकतात, त्याचे कारण इथे आहे.

आता एक प्रकरण पूर्ण उलगडून पाहू. हे कुणा एका रुग्णाचे नाही, अशा अनेक रुग्णांवरून बांधलेले आहे. अकरा वर्षांचा मुलगा, दुचाकीवर मागे बसलेला, पडतो. गुडघा सुजतो, पाय ठेववत नाही. एक्स-रेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक दांड्यापासून सरकलेले दिसते: रेघ पट्टीवरून आडवी धावते आणि आतल्या बाजूला वर वळून दांड्याचा एक तिकोनी तुकडा बरोबर नेते. टोरंटोच्या रॉबर्ट साल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये मुलांच्या पट्टीच्या दुखापतींचे जे पाच प्रकार केले त्यांतला हा दुसरा, आणि सर्वात जास्त आढळणारा.

पट्टी तुटते कुठे, हे थरांवरूनच ठरते. फुगलेल्या पेशींचा थर सर्वात कमजोर असतो, कारण मोठ्या पेशींनी जागा व्यापली की भोवतीचा चिवट पदार्थ थोडाच उरतो. फ्रॅक्चर त्या थरातून गेले तर राखीव थर टोकाच्या हाडाबरोबर, त्याच्या रक्तपुरवठ्यासह, सुखरूप राहतो. फुगलेला थर काही दिवसांत पुन्हा भरून येतो आणि वाढ चालू राहते. मनगटाचे दुसऱ्या प्रकारचे फ्रॅक्चर म्हणूनच बहुतेकदा छान जुळते. गुडघ्याचे मात्र तसे नाही. ही पट्टी सपाट नसते, तिच्यात उंचवटे आणि खळगे असतात, आणि तिला मोडायला जोरही मोठा लागतो. सरळ जाणारी रेघ त्या उंचवट्यांना कापत सर्व थरांतून जाते, राखीव थरातूनही. प्रकार दुसराच, पण वाढीला धोका खूप जास्त. तज्ज्ञ डॉक्टर इथे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात की हाड सहा आठवड्यांत जुळेल, पण वाढीचा निकाल लागायला वर्ष जाईल. भूल देऊन, हळुवारपणे, शक्यतो एकाच प्रयत्नात जागेवर आणणे आणि तिकोनी तुकड्यातून स्क्रू घालून धरणे, पट्टीत धागेदार स्क्रू न घालणे, ही दक्षता त्याच कारणासाठी. वारंवार जोर लावणे हीदेखील पट्टीवरची इजाच असते.

सहा महिन्यांनी एक्स-रे. इथे पाहायचे असते ती हॅरिस रेघ. आजारपणात, उपासमारीत किंवा मोठ्या इजेनंतर वाढ थोडा वेळ मंदावते, तेव्हा पट्टीच्या दांड्याकडच्या कडेला आडव्या हाडाचा दाट थर बसतो. वाढ पुन्हा सुरू झाली की पट्टी त्याच्यापासून दूर सरकते आणि मागे राहिलेली ती बारीक पांढरी रेघ दांड्यात दिसत राहते. पट्टीच्या सर्व भागांत वाढ सारखी असेल तर रेघ पट्टीला समांतर राहते. आमच्या मुलाच्या एक्स-रेत ती आतल्या बाजूला पाच मिलिमीटर दूर आहे आणि बाहेरच्या बाजूला पट्टीला भिडते. म्हणजे बाहेरच्या भागात वाढ थांबली आहे. तिथे राखीव थर मेला, खालचे-वरचे हाड एकमेकांना जाऊन मिळाले आणि पूल तयार झाला. आतला भाग वाढत राहील, बाहेरचा अडकून राहील, आणि गुडघा आत वळत जाईल. ही खूण नुसत्या डोळ्यांना पाय वाकडा दिसण्याच्या कितीतरी आधी दिसते. म्हणून हाड जुळले, मूल धावू लागले, तरी तपासणी सोडायची नाही.

पुढचा निर्णय दोन आकड्यांवर ठरतो: पूल केवढा, आणि वाढ किती शिल्लक. पहिल्यासाठी एमआरआय. दुसऱ्यासाठी हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवतात; जन्मतारखेवर विसंबून चालत नाही, कारण दोघांत वर्ष-दीड वर्षाचा फरक सहज असतो. रूढ ठोकताळा असा की मुलग्यांत सोळाव्या आणि मुलींत चौदाव्या वर्षी पट्टी काम संपवते आणि ही पट्टी तोवर वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर देते. हाडांचे वय अकरा, म्हणजे पाच वर्षे, पाच सेंटिमीटर. पट्टी पूर्ण बंद पडली असती तर त्या पायाला पाच सेंटिमीटरची तूट राहिली असती. दुसऱ्या पायाची पट्टी शस्त्रक्रियेने आजच बंद केली तर दोन्ही सारखे राहतील, पण अंतिम उंचीतून पाच सेंटिमीटर जातील. दुसरा मार्ग म्हणजे हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया. रशियातल्या कुर्गानमध्ये गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या पद्धतीत हाड शस्त्रक्रियेने तोडून बाहेरच्या कड्यांनी त्याची टोके दिवसाला एक मिलिमीटर, तीही चार भागांत, दूर नेतात. पट्टीच्या दिवसाला २७ मायक्रॉनच्या तुलनेत हा वेग प्रचंड आहे, आणि त्याची किंमत महिनोन्महिने वागवायची कडी, चट्टे आणि सांध्यांचा कडकपणा अशी मोजावी लागते.

आमच्या मुलात पूल पट्टीच्या एक चतुर्थांशाहून कमी आहे आणि पाच वर्षे हाताशी आहेत. पूल निम्म्याहून कमी आणि वाढ किमान दोन वर्षे शिल्लक असेल तर तो काढून टाकणे योग्य ठरते. फिनलंडच्या अँडर्स लाँगेनस्किओल्ड यांनी रूढ केलेल्या पद्धतीने तो कोरून काढतात आणि पोकळीत त्याच मुलाची चरबी भरतात, म्हणजे हाड पुन्हा जोडले जात नाही. आधीच वाकडेपणा थोडा असेल तर आतल्या बाजूला दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवून ती बाजू काही काळ रोखता येते. हे सगळे केले तरी पट्टी पूर्ववत झाली असे समजता येत नाही. कोरलेली पट्टी अनेकदा निरोगी पट्टीच्या आधी बंद होते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांची लांबी मोजावी लागते आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास पुन्हा हिशेब मांडावा लागतो. दोन सेंटिमीटरपर्यंत फरक राहिला तर बुटात टाचेखाली उंची देऊन भागते. त्याहून जास्त उरला तर दुसऱ्या पायाची पट्टी थोडी आधी थांबवणे हा पर्याय तेव्हाही खुला असतो, पण त्यासाठी तिच्यात अजून वाढ उरलेली असली पाहिजे, आणि ते नेमके हाडांचे वय सांगते.